अनुभव धागा: 'खराब निघाला' हे इंग्रजीत कसं लिहिलंत?

घाटमाथा
काल शेजारचे आजोबा फोन घेऊन आले. "पोरी, एवढं इंग्रजीत लिहून दे. कुकरचं झाकण बसत नाही, परत करायचाय." लिहून दिलं, पण आमच्या मिक्सरचा जुना किस्सा आठवला.

आई मिरजेला, मी पुण्यात. ऑर्डर माझ्या खात्यावरून, म्हणून तक्रारही मीच लिहायची. आई फोनवर सांगत होती, मी टाइप करत होते. तिचे शब्द असे: "मिक्सर खराब निघाला. परवा आला, आज पहिल्यांदा लावला तर नुसता घुरघुरतोय, पातं हलत नाही. जळका वास येतोय. त्यांना म्हणावं, दुसरा परत पाठवा."

मी शब्दाला शब्द लावला. 'मिक्सर बिकेम बॅड' इथपासून 'प्लीज रिटर्न सेकंड वन' इथपर्यंत. दोन दिवसांनी उत्तर आलं: तुमच्या ऑर्डरमध्ये एकच वस्तू आहे, दुसरी कोणती परत करायची आहे? शिवाय वापरात बिघडलेल्या वस्तूसाठी सर्व्हिस सेंटरला जा.

आई म्हणाली, "तुला इंग्रजी शाळेत घातलं ते कशाला?" तुमचे अनुभव लिहा. हसायला हरकत नाही.

खुर्चीतला_वाचक
'परत'ने घात केला! पुन्हा पण परत आणि माघारी पण परत. माझ्या सासऱ्यांनी 'पैसे परत पाठवा' असं सांगितलं होतं, बायकोने 'सेंड मनी अगेन' लिहिलं. समोरच्याला वाटलं असेल, एकदा पाठवलेत, आता पुन्हा मागतायत.

दुपारची_शिफ्ट
मी सहा वर्षं अशा तक्रारी वाचण्याचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते. घाटमाथा, तुमचं 'परत' तर गेलंच, पण खरा घोटाळा पहिल्याच वाक्यात आहे. आई म्हणाल्या 'खराब निघाला'. म्हणजे आला तेव्हाच खराब होता, आम्ही काही केलं नाही. मराठीत एवढं सगळं त्या 'निघाला'मध्ये येतं. तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ 'खराब झाला'. म्हणजे आधी चांगला होता, मग तुमच्याकडे बिघडला. वाचणारा तिथेच ठरवतो की हे रिप्लेसमेंटचं नाही, दुरुस्तीचं आहे. इंग्रजीत 'निघाला'ला एक शब्द शोधत बसू नका. 'पहिल्यांदा लावला तेव्हाच' असं सरळ लिहा.

आणि 'परवा' तर कधीच भाषांतरित करू नका. मागचा परवा की पुढचा, हे मराठीतही क्रियापदावरून कळतं. तारीख टाका, तीही महिन्याचं नाव लिहून. 05/06 म्हणजे कुणाला 5 जून वाटतो, कुणाला 6 मे.

बापू_सांगली
म्हणून मी सरळ सगळीकडे डॅमेज्ड लिहितो. एक शब्द, काम फत्ते.

दुपारची_शिफ्ट
बापू, कपाला टवका उडाला असेल तर ठीक. पण मिक्सर फिरत नाही त्याला डॅमेज्ड लिहिलंत की आमच्याकडे ते वाहतुकीतल्या मोडतोडीच्या रांगेत जायचं, मग खोक्याचे फोटो मागायचे. खोकं धडधाकट, की तक्रार बंद. न चालणाऱ्या वस्तूला डिफेक्टिव्ह. आणि मोडतोड असेल तर नेमकी कोणती ते लिहा. तडा म्हणजे क्रॅक, टवका म्हणजे चिप, पोचा म्हणजे डेंट, चरा म्हणजे स्क्रॅच. मराठीत चार वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीतही आहेत, मग एकच का वापरायचा?

बापू_सांगली
माझी दोन वेळा कामं झाली बुवा डॅमेज्डवर. असो.

रेशीमगाठ
माझ्या पैठणीचा रंग गेला हो पहिल्याच धुण्यात!! ते कसं लिहू? भाषांतर करून द्या कुणीतरी. पदराला अजून हातही लावला नव्हता.

दुपारची_शिफ्ट
रंग फिका पडला की पाण्यात उतरला? फिका पडला तर फेड, पाण्यात सुटून दुसऱ्या कपड्याला लागला तर ब्लीड. पण ताई, पैठणी घरी धुतली का? लेबलवर ड्रायक्लीन असेल तर शब्द कितीही बरोबर लिहा...

रेशीमगाठ
जाऊ द्या.

वायंडिंगवाला
मिक्सर दुरुस्त करतो, इंग्रजी बेताचं. पण घुरघुरतो म्हणालात म्हणून लिहितो. जार काढून नुसतं मशीन क्षणभर चालवायचं. वरचा कपलर मोकळा फिरला तर मोटर ठीक, जारचा बुश जाम आहे. मग फक्त जार मागा. कपलरही फिरला नाही तर दोष मशीनमध्ये. आणि अजिबात आवाज नसेल तर आधी बुडाचं लाल बटण दाबून बघा, ओव्हरलोडने उडालेलं असतं. बरीच माणसं तेवढ्यासाठी मशीन परत पाठवतात. घुरघुरत असताना बटण धरून ठेवू नका, वायंडिंग जळतं आणि मग खरंच तुमच्या हातून बिघडलं असं होतं.

घाटमाथा
हेच दुसऱ्या वेळी कामाला आलं. गल्लीतल्या मिस्त्रीने आईला फोनवर सांगितलं होतं, तिने तिन्ही जार लावून पाहिले आणि जार काढूनही पाहिलं. मग मी पुन्हा लिहिलं. ऑर्डर नंबर पहिल्या वेळी तिने फोनवर वाचला होता, शून्य की ओ यात आमचे दोन फोन गेले. या वेळी अॅपमधून उचलून चिकटवला, बाकी असं:

```
Delivered: 14 June. First used: 16 June.
Item: mixer grinder, 750 W, 3 jars
Problem: On first use the motor hums but does
not turn, with or without a jar. Tried all three
jars. Burning smell in about 5 seconds, so we
stopped. Not dropped, no water got in.
Request: Replacement. If out of stock, refund.
```

'पातं हलत नाही' हे मुद्दाम काढलं. तसं लिहिलं असतं तर त्यांनी नुसता जार पाठवला असता. चार दिवसांत माणूस नवीन मिक्सर घेऊन दारात.

खुर्चीतला_वाचक
'जळका वास' लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे 'वास येतो'चं नुसतं 'स्मेल्स' झालं होतं. त्यांनी विचारलं, वस्तू स्वच्छ केली का?

राईनकाठ
इथे जर्मनीत ऑनलाइन वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. त्यामुळे वर्णनाची कटकट नाही. पण आई पुण्याहून मागवते तेव्हा मी रात्री जागून लिहितो ते लिहितोच.

बापू_सांगली
एवढं इंग्रजी कशाला? 1915 ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. कंपनीने 48 तासांत उत्तर द्यायलाच पाहिजे, असा नियम आहे.

दुपारची_शिफ्ट
1915 बरोबर. पण 48 तासांत नुसती पोच द्यायची असते, निवारणाला एक महिना. आणि आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा नंबर हाताशी असलेला बरा, म्हणजे ते इंग्रजी काही चुकत नाही बापू.

वायंडिंगवाला
शून्य आणि ओवरून आठवलं. सिरीयल नंबरचा स्टिकर बुडाला असतो, उलटा करायच्या आधी प्लग काढा. एकाने चालू मशीन उलटं केलं होतं.

अंजू_ठाणे
सगळं वाचलं नाही, पण नवीन मिक्सरवर आईंनी पहिलं काय केलं?

घाटमाथा
शेंगदाण्याची चटणी. लसूण जास्त पडला, त्याचा दोष मिक्सरला.

अंजू_ठाणे
'लसूण जास्त निघाला' म्हणायचं ना मग 🙂