मदत हवी आहे : ५६ मिनिटांची सलग पटकथा, ४४ मिनिटं आणि तीन ब्रेक. कुठे तोडू?

शाईपेन

नमस्कार मंडळी. माझी एक टेलिफिल्म एका वाहिनीने तासाच्या स्लॉटसाठी घ्यायचं ठरवलं आहे. पटकथा लिहिताना ब्रेकचा विचार कधीच केला नव्हता, सलग बघायची गोष्ट म्हणूनच लिहिली. आता ४४ मिनिटं, चार भाग, मध्ये तीन ब्रेक असं सांगितलं आहे. कागदावर ५२ पानं आहेत, म्हणून ५२ मिनिटं धरली होती. मोठ्याने वाचून घड्याळ लावलं तर ५६ भरली.

गोष्ट थोडक्यात सांगते. सुमन डोंबिवलीहून गणपतीला कोकणात माहेरी येते. दोघा भावांना घर आणि बाग विकायची आहे आणि त्यासाठी तिचं हक्कसोडपत्र हवं आहे. सहाव्या मिनिटाला भाऊ अंगणात आपसात हे बोलतात, म्हणजे प्रेक्षकाला कळतं, सुमनला नाही. अठराव्या मिनिटाला मोठा भाऊ तिच्यासमोर कागद ठेवतो, ‘फक्त एक सही’ म्हणतो. रात्रभर ती जागी. अठ्ठाविसाव्या मिनिटाला ती ‘उद्या जाऊ तालुक्याला’ म्हणते. अडतिसाव्या मिनिटाला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात ती पेन हातात घेते आणि खाली ठेवते. मग घरी भांडण. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, तोवर गप्प असलेली आई सांगते की तिनेही तिच्या माहेरी अशीच सही केली होती. शेवटी विसर्जन.

मी आधी १२ मिनिटं कापली आणि मग अकरा-अकरा मिनिटांवर रेघा मारल्या. क्रिएटिव्ह टीमचं उत्तर आलं, ‘ब्रेकला काहीच घडत नाहीये.’ खरंच आहे ते. पहिला ब्रेक वहिनी चहा गाळताना येतो, तिसरा भांडणाच्या मधोमध. पण प्रत्येक ब्रेकला कुणीतरी किंचाळायला हवं असेल, तर ही गोष्ट तशी नाही. काय करू?

तिसरी_घंटा

सोपं आहे. दर ब्रेकला धक्का हवाच, नाहीतर रिमोट फिरलाच. पहिल्या ब्रेकला भाऊ हात उगारतो, दुसऱ्याला सुमन चक्कर येऊन पडते, तिसऱ्याला सही. आणि ४४ कशाला? नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिराती, म्हणजे तुम्हाला ४८ मिळायला हवीत. भांडून घ्या.

माहेरवाशीण_कुडाळ

ताई, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि एकदा झालं की सहज मागे घेता येत नाही. आमच्याकडे आत्याच्या बाबतीत हेच झालं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा सुमनने सही करूच नये. वकिलाला कागद दाखवल्याशिवाय तर अजिबात नाही.

शाईपेन

ताई, सुमन माझ्या गोष्टीतलं पात्र आहे, पण तुम्ही मनापासून लिहिलंत. आत्याच्या वेळी ऑफिसात नक्की काय विचारतात, हे आठवत असेल तर सांगाल का? तो सीन मी ऐकीव माहितीवर लिहिला आहे.

माहेरवाशीण_कुडाळ

अगं बाई, मी खरंच धरून चालले! आत्याला विचारलं होतं, ‘कागद वाचलात का? राजीखुशीने देताय ना?’ ती ‘हो’ म्हणाली. वाचला नव्हता. दोन साक्षीदार शेजारी उभे होते, फोटो आणि अंगठा घेतला. दहा मिनिटांत सगळं संपलं.

उजळणी_वही

मी बरीच वर्षं मालिकांचे वनलाइन आणि पटकथा लिहिल्या, आता एपिसोड तपासायचं काम करतो. शाईपेन, तुमची मूळ चूक रेघा मारण्यात नाही, क्रमात आहे. तुम्ही आधी मिनिटं कापली आणि मग तोडायची जागा शोधली. आधी तोडायच्या जागा ठरवा. मग प्रत्येक भागातून किती काढायचं ते आपोआप दिसतं.

४८ च्या मुद्द्याबद्दल : १२ मिनिटं ही वरची मर्यादा आहे, १० जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंची. उरलेला सगळा वेळ तुमचा, असं त्यातून निघत नाही. वाहिनीने लेखी जो आकडा दिला तोच खरा. फक्त त्यात टायटल आणि शेवटची नामावली धरली आहे का, ते आजच विचारून घ्या. धरली असेल तर गोष्टीला ४३ उरतात.

आता जागा. ब्रेकला धक्का लागत नाही, प्रश्न लागतो. मी एक करून बघतो. घरातल्या कुणालाही ब्रेकपर्यंतची गोष्ट तोंडी सांगायची आणि तिथेच थांबायचं. समोरचा ‘मग?’ म्हणाला तर जागा बरोबर. ‘बरं’ म्हणाला तर चुकली. चहा गाळण्यावर कुणी ‘मग?’ म्हणत नाही. भांडणाच्या मधोमध म्हणतात, पण परत आल्यावर चढलेला आवाज पहिल्यापासून चढवावा लागतो, आणि तो तसा चढत नाही.

तुमच्याकडे दोन जागा तयार आहेत. ‘फक्त एक सही’ हा पहिला ब्रेक. पेन खाली ठेवणं हा तिसरा. दोन्हीकडे कुणी किंचाळत नाही, तरी ‘मग?’ येतंच. अडचण दुसऱ्याची आहे. पहिल्या ब्रेकला प्रश्न पडला ‘ही सही करेल का?’ अठ्ठाविसाव्या मिनिटाला ती ‘उद्या जाऊ’ म्हणते, म्हणजे तुम्ही उत्तर देऊन ब्रेकवर जाताय. उत्तरावर माणूस उठतो. तिथे जुना प्रश्न मिटतानाच नवा उभा राहायला हवा.

तुमची आई सत्तेचाळीस मिनिटं गप्प आहे. तिला तिथे एकच वाक्य द्या. सुमन ‘उद्या जाऊ तालुक्याला’ म्हणते, भाऊ सुटकेचा श्वास टाकतात, आणि आई म्हणते, ‘मी पण येणार.’ ब्रेक. घराबाहेर न पडणारी बाई ऑफिसात कशाला येते आहे? शेवटच्या उलगड्याची तयारीही यातच झाली.

आता वेळ बघा. पहिला भाग १८ चा १३ वर आणा. येण्याचा सीन आणि स्वयंपाकघर एकत्र करा, आरती एकदाच. दुसरा १० चा ११ होऊ द्या, कारण आईचं वाक्य एकदम येऊन चालणार नाही, आधी तिची बेचैनी दिसली पाहिजे. तिसरा १० चा १०. शेवटचा १८ चा ९. एकूण ४३. पहिला भाग सगळ्यात मोठा ठेवणं मुद्दाम आहे. माणसं ओळखीची झाल्याशिवाय जाहिराती दाखवल्या तर कोणासाठी थांबायचं? शिवाय अर्ध्या तासाला दुसरीकडे नवी मालिका सुरू होते, त्या वेळी आपली गोष्ट चालू असलेली बरी. ते मात्र तुमच्या हातात पूर्ण नसतं, ब्रेक किती लांब असतील ते वाहिनी ठरवते.

शाईपेन

आईचं वाक्य वाचून मी उठून उभी राहिले. पण शेवटचे १८ चे ९ करायचे म्हणजे भांडण जवळजवळ जातंच. ते मला सगळ्यात जवळचं आहे.

उजळणी_वही

जाऊ द्या असं नाही म्हणत, आठ मिनिटांचं तीन करा आणि घराऐवजी एसटी स्टँडवर घ्या. लोकांत भावांना आवाज चढवता येत नाही, दबक्या आवाजातलं भांडण लवकर टोकाला जातं. आई शेजारी बसलेलीच आहे, ती तिथेच बोलेल. परत घरी जाण्याचा सीन वाचला. तीन मिनिटं भांडण, अडीच आई, उरलेली विसर्जनाला.

लोकल_८_५२

एक विचारू का? मी आत्ताच लिहायला लागलोय. ब्रेकनंतर पुन्हा तोच क्षण दाखवतात ना, तेच ‘फक्त एक सही’ परत?

उजळणी_वही

मालिकांत दाखवतात, कारण तिथे मधूनच बघणारे खूप. टेलिफिल्ममध्ये मी टाळतो. ब्रेकच्या वेळेत गोष्टीतलीही वेळ पुढे सरकू द्या. पहिल्या ब्रेकनंतर सगळे पंगतीला बसलेत, कुणी बोलत नाही, आणि तो कागद पानाच्या डब्याखाली दाबून ठेवलेला दिसतो. नव्याने आलेल्याला कळतं की या घरात कागदावरून काहीतरी अडलंय. सुमन त्या क्षणी काय म्हणाली, हा सीन लिहावाच लागला नाही, अर्धा मिनिट तिथेही वाचलं. एक सांभाळा. दार वाजतं, सगळे दचकतात, ब्रेक, आणि परत आल्यावर दूधवाला, असं करू नका. एकदा फसलेला प्रेक्षक पुढच्या ब्रेकला थांबत नाही.

मध्यंतर

माझा अनुभव नाटकाचा. दोन अंकी नाटकात मध्यंतर एकच, आणि प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, वडा खाऊन परत येतोच. तरी एक खटकतं. सहाव्या मिनिटाला भावांचं बोलणं प्रेक्षक ऐकतो, मग अठराव्याला कागद बघून त्याला काय वाटणार? त्याला माहीतच होतं. तो अंगणातला सीन काढा. कागद बाहेर येईल तेव्हाच प्रेक्षकालाही कळू द्या.

उजळणी_वही

इथे माझं मत वेगळं आहे. आधी माहीत असल्यामुळेच आरतीच्या वेळी भाऊ तिच्याशी गोड बोलतो ते बोचतं. तो सीन काढला तर पहिली १३ मिनिटं नुसता गणपतीचा सण उरेल.

मध्यंतर

मग अर्धंच कळू द्या. एजंट अंगणात येऊन बाग मोजून जातो, बोलणं नाही. विक्री कळेल, सही कळणार नाही.

तिसरी_घंटा

हे आवडलं. माझा हात उगारण्याचा मुद्दा मागे घेतो. पण पार्श्वसंगीत तरी जोरात ठेवा, ब्रेकला जाताना.

उजळणी_वही

उलट, ब्रेकआधी तीन-चार सेकंदांचा बिनसंवादाचा शॉट लिहून ठेवा आणि संगीत तिथे संपू द्या. एका सीनचा आवाज पुढच्या सीनवर ओढलेला असेल तर तिथे तोडता येत नाही. आणि प्रत्येक भागात एक पर्यायी जागाही खूण करून ठेवा. वाहिनीला ब्रेक वाढवायचा किंवा सरकवायचा झाला, तर त्यांनी कुठेही तोडण्यापेक्षा तुम्ही सुचवलेल्या जागी तोडलेलं बरं.

शाईपेन

चार दिवसांनी परत आले. विचारलं, ४४ मध्ये टायटल आणि नामावली धरलेली आहे, म्हणजे ४३ च. नवा मसुदा वाचून वेळ लावली : १३ मिनिटं ४० सेकंद, ११, साडेनऊ आणि ९. सगळे मिळून ४३ मिनिटं १० सेकंद. दहा सेकंद एडिटमध्ये निघतील. आत्याच्या ‘हो’वरून ऑफिसचा सीन बदलला. ‘वाचलात का?’ विचारल्यावर सुमन ‘नाही’ म्हणते आणि मग पेन ठेवते. माहेरवाशीणताई, हे तुमच्यामुळे.

घरी ‘मग?’ करून पाहिलं. दुसऱ्या ब्रेकला सासूबाई म्हणाल्या, ‘आई कशाला जातेय?’ पहिल्या ब्रेकला मात्र दोघंजण ‘मग?’ म्हणाले आणि एक जण ‘करेल की सही’ म्हणाला. एजंटचा बिनसंवादाचा सीन आणि भावांचं बोलणं, दोन्ही लिहून ठेवलंय. दिग्दर्शकाला बोलणं हवंय, मला एजंट. दोन्ही शूट करायला एक दिवस जास्त लागेल आणि तो मिळेल असं दिसत नाही.

आणखी एक. हीच फिल्म महोत्सवांना ब्रेकशिवाय पाठवायची आहे. कागदावरून थेट पंगतीला उडी सलग बघताना खटकेल का? कुणी अशा दोन आवृत्त्या काढल्या असतील तर सांगा.

लोकल_८_५२

माझ्या एका मित्राने काढल्या होत्या. ब्रेकच्या जागी त्याने घराबाहेरचा रात्रीचा शॉट टाकला. त्याला विचारून लिहितो.