मदत हवी आहे: स्प्रिंगऐवजी रबर, तरी पेटंटचा भंग होतो का?

जळगावकडे आमचं केळीच्या खांबापासून धागा काढायचं यंत्र आहे. पेटंट चालू आहे, नूतनीकरण शुल्क भरलेलं आहे. पेटंटच्या पहिल्या दाव्यात 'स्प्रिंगवर टेकलेली दाबपट्टी' आहे. खांब जाड-बारीक आला की ती मागे सरते, म्हणून धागा तुटत नाही. प्रतिस्पर्ध्याने स्प्रिंग काढून रबराचा ठोकळा बसवला. बाकी सगळं जसंच्या तसं.

आम्ही जिल्हा न्यायालयात भंगाचा खटला लावला. त्याने पेटंट कायद्याच्या कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा टाकला, त्यामुळे कलम १०४ नुसार दोन्ही उच्च न्यायालयात चाललेत.

अडचण अशी की पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने जुन्या, घट्ट पट्टीच्या यंत्रावरून हरकत घेतली तेव्हा 'स्प्रिंग' हा शब्द आम्हीच घातला होता. वर्णनात मात्र 'स्प्रिंग किंवा तत्सम लवचिक आधार' असं आहे. समोरचा वकील हुशार आहे: दावा अरुंद धरला तर तो सुटतो, 'कुठलाही लवचिक आधार' म्हटलं तर इतर यंत्रांतले रबरी आधार दाखवून पेटंटच पाडतो. दुरुस्तीने दावा रुंद करता येत नाही, हे कलम ५९ वाचून कळलं.

मग परीक्षेत घातलेला शब्द असूनही, काम आणि परिणाम तोच म्हणून रबराला स्प्रिंगच्या तोडीचं ठरवता येईल का? आणि ते म्हणताना प्रतिदाव्याच्या उत्तरात काय लिहायचं टाळावं?