अनुभव धागा: एका स्लाइडवर एकच मुद्दा. तुमची पीपीटी कशी बदललीत?

मंजिरी
आशाताईंच्या प्रशिक्षणात मी कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी धरून ऊब देणं, शिकवते. जुन्या पीपीटीत एकाच स्लाइडवर अकरा ओळी होत्या. मी बोलत असायचे आणि ताया माना खाली घालून ओळी उतरवून घ्यायच्या. यंदा त्या स्लाइडच्या पाच केल्या. ‘बाळाची स्थिती’ हा मथळा काढून ‘बाळाची उघडी त्वचा आईच्या उघड्या छातीला लागू द्या’ असं पूर्ण वाक्य घातलं, खाली एक फोटो. बाकी मजकूर नोट्समध्ये टाकला, तो फक्त मला लॅपटॉपवर दिसतो.

तरी फसलं. फोटोत बाळ कापडात गुंडाळलेलं, त्यामुळे नेमकी त्वचाच दिसेना. एका ताईंनी विचारलं, “म्हणजे झबलं घालूनच ठेवायचं ना?” मग रेषाचित्र काढून घेतलं: बाळ उभं, मान एका कुशीला, पाय बेडकासारखे, अंगावर टोपी, मोजे, लंगोट एवढंच. वरचं कापड नुसत्या तुटक रेषेने. तो प्रश्न परत आला नाही.

तुम्ही काय केलंत, लिहा.

सदाफुली
मी सहा ओळी आणि ओळीत सहाच शब्द हा नियम पाळते. अक्षर मोठं होतं, काम भागतं.

रा_को
सदाफुली, मागच्या रांगेला वाचता येतं हे खरं, पण सहा ओळींत सहा मुद्दे राहतातच. मी आधी मथळा वाक्यात लिहितो. त्यात ‘आणि’ आला की बहुतेक वेळा स्लाइड तोडतो.

२००३ मध्ये फोमचा तुकडा आदळलेलं कोलंबिया यान परतताना फुटलं. ते अवकाशात असताना धोका तपासण्यासाठी केलेली एक स्लाइड अपघात चौकशी मंडळाच्या अहवालात छापली आहे. मथळा धीर देणारा. चाचण्या ३ घन इंचाच्या फोमच्या तुकड्यावर झाल्या होत्या आणि यानावर आदळलेला तुकडा तेव्हाच्या अंदाजाने १९२० घन इंचांचा, हे मात्र तळाच्या ओळीत. तेवढेच दोन ठोकळे शेजारी काढून बघा: एकाची बाजू जेमतेम दीड इंच, दुसऱ्याची बारा इंचांहून जास्त. मथळा आपोआप सुचतो.

पाटीलबुवा
आमच्याकडे साहेब पीपीटी आदल्या दिवशी मेलवर मागवतात, तीही दहा स्लाइडमध्ये. मी चित्रांची पाठवली, तर “यात मजकूर कुठाय?” म्हणून परत आली.

मंजिरी
पाटीलबुवा, मी ‘नोट्स पेजेस’ छापते. वर स्लाइड, खाली मजकूर. ताया तेच घरी नेतात. साहेबांना त्याचीच पीडीएफ पाठवून बघा.

माझं एक अडलंय. बाळाच्या धोक्याची लक्षणं अजून यादीतच आहेत. प्रत्येकाला वेगळी स्लाइड दिली, तर शेवटच्या लक्षणापर्यंत पहिलं विसरतं.

रा_को
एकेक चित्र दाखवा, शेवटी सगळी लहान करून एकत्र.

सदाफुली
मला वाटतं ती यादीच राहू दे. घरभेटीत त्यांना सगळी लक्षणं एकदम तपासायची असतात.

मंजिरी
पुढच्या दोन तुकड्यांना एकेक पद्धत वापरते. नंतर पाटी कोरी ठेवून लक्षणं विचारेन आणि इथे लिहीन.