मदत हवी आहे: नफा सहा लाख, बँकेत तीस हजार. पैसे गेले कुठे?

म्हापशेकर: म्हापशाला बाबांचं रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. नफा-तोटा पत्रकात यंदा ६,००,००० नफा दिसतो. बँकेत मात्र गेल्या मार्चला २,७०,००० होते, ते या मार्चला ३०,००० वर आलेत. बाबा म्हणतात, सीएने चूक केली.

तिसवाडीकर: घरखर्चाला गल्ल्यातून काढत असणार. ते खर्चात दाखवा, नफा बरोबर खाली येईल.

जुना_मुनीम: तसं करू नका. मालकाची उचल हा दुकानाचा खर्च नव्हे, ती भांडवलातून वजा होते. म्हणून तर ती नफ्यात दिसत नाही. दोन्ही वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा आणि शिल्लक माल, उधारी, कर्ज, उचल यांत काय फरक पडला ते लिहा.

म्हापशेकर: माल ९ लाखांचा ११.२० झाला. उधारी २.५० ची ५.१०. कर्जाची मुद्दल १.२० फेडली. उचल २.४०.

जुना_मुनीम: मग झालं की! मालात २.२०, उधारीत २.६०, मुद्दल १.२०, उचल २.४०, मिळून ८.४०. नफा ६ लाखांचा, म्हणजे वरचे २.४० बँकेतून गेले. सीए बरोबर आहे. हप्त्यातलं फक्त व्याज नफ्यातून जातं, मुद्दल नाही.

मला खटकतो तो माल. मोजला कोणी?

म्हापशेकर: बाबांनी वहीवरून लिहिला. काल मागच्या खोलीत गेलो, तर व्हाइट सिमेंटच्या पिशव्या पावसाळी ओलीने दगड झालेल्या. काही डब्यांत रंगावर साय धरलीय. खरेदीच्या भावाने ८०,००० चा माल असेल.

जुना_मुनीम: तो विकला जाणार नसेल, तर नफा ५.२० च आहे. शिल्लक माल फुगला की नफाही तेवढाच फुगतो, आणि हे नफ्याच्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

मडगावची_सून: आमच्या कापडाच्या दुकानात उधारीच्या बिलांवरचा जीएसटीही आधी भरावा लागला, गिऱ्हाईक पैसे देवो न देवो. तुमचंही तेच झालं असेल.

जुना_मुनीम: ताई, ते वेगळं दुखणं, पण उधारीपाशीच येतं. म्हापशेकर, ५.१० मध्ये जुनं किती?

म्हापशेकर: एकाच कंत्राटदाराकडे १.९०, दीड वर्ष झालं. बाबा म्हणतात चवथीआधी देतो म्हणालाय.

तिसवाडीकर: कुठल्या चवथीआधी? :)

जुना_मुनीम: बुडीत लिहायचं की थांबायचं, हे तुम्हीच ठरवा. आणि ताळेबंद फक्त ३१ मार्चचा आहे. चवथीआधी घरं रंगवायची गर्दी, तेव्हा जुलैत व्यापाऱ्याचं देणं किती चढतं ते त्यात येत नाही. तेवढं वहीतून काढा.

म्हापशेकर: सिमेंटचं बाबांनी मान्य केलं. कंत्राटदाराचं नाव काढलं की उठून आत जातात.