मदत हवी आहे: कवितेवरील निबंधाला मध्यम गुण का, हे शेऱ्यात कसे लिहावे?

नववीतील एका विद्यार्थ्याच्या रसग्रहणात्मक निबंधाला मी 20 पैकी 11 गुण दिले आहेत. कवितेचा आशय त्याने अचूक सांगितला आहे, अलंकारही बरोबर ओळखले आहेत. पण ‘वाट थकून बसली’ या ओळीवर तो केवळ ‘येथे चेतनगुणोक्ती अलंकार असून त्यामुळे कविता सुंदर झाली आहे’ असे लिहून थांबतो. चालणाऱ्याचा थकवा वाटेवर ढकलल्यामुळे ‘मी थकलो’ असे न म्हणताही तो वाचकाला जाणवतो, एवढे एक वाक्य असते तरी गुण वाढले असते.

पहिल्या शेऱ्यात मी ‘विश्लेषण कमी आहे’ असे लिहिले, तेव्हा त्याने आणखी दोन अलंकार शोधून आणले. (चूक माझ्या शेऱ्याची होती.) नंतर समासात ‘म्हणजे काय?’ असे प्रश्न लिहिले, तर त्याने ओळीचा सरळ अर्थच पुन्हा दिला. वरील स्पष्टीकरण आयते दिल्यास तो तेच उतरवून काढेल, अशी भीती वाटते.

शेरा चार-पाच वाक्यांत बसवायचा असून गुण बदलायचे नाहीत. अलंकार ओळखणे आणि त्याचा परिणाम उलगडणे यांतील फरक, उत्तर हाती न देता, त्याला कळेल असा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारावा?