चष्मा, लांबलचक लेक्चर आणि बसप्रवास: हेडफोन कोणते? अनुभव सांगा

सायलीचीआई: लेकीसाठी वायरलेस हेडफोन घ्यायचेत. घरी रोज तीन-चार तास रेकॉर्ड केलेली लेक्चर ऐकते, शिवाय वरचेवर लांबचा बसप्रवास. चष्मा सतत डोळ्यांवर. एकच जोडी घेणार आहे. स्वतः वापरलेल्यांनीच सांगा, जाहिराती मलाही वाचता येतात.

भटक्या: ओव्हर-इअर, डोळे झाकून. नॉइज कॅन्सलेशन लावलं की इंजिन, शेजाऱ्यांची बडबड, सगळं गप्प.

जुनातंत्रज्ञ: इंजिनची घरघर जाते, बडबड राहते. नॉइज कॅन्सलेशनची खरी ताकद खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या आवाजावर. बोलणं अडवायचं ते मुख्यतः गादीने, आणि तिथेच चष्मा आडवा येतो. काडी गादीला कानामागे उचलून धरते आणि त्या फटीतून घरघर आत येते, बास बाहेर जातो. दुकानात चष्मा घालूनच बघा. गाणं लावून दोन्ही कप हलकेच डोक्याकडे दाबा. बास एकदम भरला, तर फट आहे. मऊ, जाड गादी आणि बारीक काडी असेल तर फरक कमी पडतो. आणि पाच मिनिटांत उतरवू नका, काडी रुतायला वेळ लागतो.

निवांत: मी ऑन-इअर वापरते. हलके, घरात कुणी हाक मारली तर ऐकू येते. पण गादी थेट पाळीवर टेकते, खाली चष्म्याची काडी, म्हणजे कान मधोमध सापडतो. एक लेक्चर ठीक, दुसऱ्याला काढूनच ठेवते. बसमध्ये तर आवाज वाढवत बसावं लागतं.

धावपटू: इन-इअर पळताना पडतात, हुकवाले घ्या.

सायलीचीआई: अहो, ती बसून अभ्यास करते!

कानसेन: चष्मेवाल्यांना इन-इअरच बरे, काडीचा संबंधच येत नाही. फक्त रबरी टोपी मापाची हवी. माझ्या उजव्या कानाला मधली, डाव्याला छोटी लागते. ओठ मिटून गुणगुणायचं. स्वतःचा आवाज दोन्ही कानांत सारखाच जड, घुमल्यासारखा आला की बसली. एका बाजूला पातळ वाटला तर तिथली टोपी बदला. सलग तासन्‌तास घातले की मला कानात खाज सुटते, मध्ये काढावे लागतात. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर नकोच.

जुनातंत्रज्ञ: टोपीचं पटलं. एक भर: लॅपटॉपवर ऑनलाइन तास सुरू झाला आणि आवाज अचानक जुन्या फोनसारखा झाला, तर हेडफोन बिघडलेत असं समजू नका. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर तसं होतं. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकणं हेडफोनवर ठेवा.

सायलीचीआई: म्हणजे इन-इअरकडे झुकावं का?

भटक्या: झुका, पण त्या इवल्याशा बॅटऱ्या काही वर्षांत दमतात आणि बदलता येणं कठीण. ओव्हर-इअरची गादी फाटली तर बहुतेकदा नवी चढते. अभ्यास घरीच जास्त असेल तर माझं मत अजून तेच.

कानसेन: काडी रुतली की गादी नवी असून काय उपयोग?