मदत हवी आहे: बाबांच्या एफडी आणि लॉकर, नॉमिनी कुठेच नाही. कोर्टात जावंच लागेल का?

कृष्णाकाठ
बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांचे पैसे दोन ठिकाणी आहेत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीन एफडी आणि बचत खातं मिळून साधारण 10 लाख 90 हजार. त्याच शाखेत लॉकर, तो बाबांच्या एकट्याच्या नावावर. शिवाय गावातल्या नागरी सहकारी बँकेत दोन एफडी, आजपर्यंतचं व्याज धरून 5 लाख 30 हजार.

दोन्हीकडे नॉमिनी नाही असं तोंडी सांगितलं. पहिल्या बँकेतले साहेब म्हणाले, "नॉमिनी नाही म्हणजे कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा, लॉकरला तर आम्ही त्याशिवाय हातच लावणार नाही." वकिलांना विचारलं तर वर्तमानपत्रात नोटीस, तारखा, कोर्ट फी, काही महिने सहज जातील म्हणाले.

घरात आई, मी, सातारला दिलेली धाकटी बहीण आणि न्यू जर्सीत असलेला भाऊ. आमच्यात वाद अजिबात नाही, सगळं आईला मिळावं एवढंच आहे. आजी (बाबांची आई, वय 84) आमच्याकडेच असते. लॉकरची किल्लीही सापडत नाहीये. कुणी यातून गेलंय का?

पेठेतला
एवढं कशाला? तलाठ्याकडे जा, वारस नोंद करून घ्या, तो कागद बँकेत द्या. आमचं आठ दिवसांत झालं होतं. आणि तोवर बाबांच्या एटीएमचा पिन माहीत असेल तर बचत खात्यातले काढून घ्या, सगळेच काढतात.

जुनी_खातेवही
मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं मृत खातेदारांचे दावे याच टेबलावर होतो. पेठेतला यांचं अर्धं बरोबर आहे. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी. शेतजमिनीचं काम तिने होतं, बँक ती पूरक कागद म्हणून ठेवून घेईल, पण तेवढ्यावर पैसे देणार नाही. एटीएमचं मात्र मुळीच करू नका. मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक उचल स्टेटमेंटवर दिसते. आज वाद नाही म्हणता, उद्या जावयांनी विचारलं तर ज्याच्या हातात कार्ड होतं त्याला उत्तर द्यावं लागेल. पेन्शन जमा होत असेल तर तेही कळवा, मृत्यूनंतर आलेली पेन्शन परत जाते.

आता मूळ प्रश्न. रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 ला याच विषयावर सगळ्या बँकांना एकसारखे निर्देश दिले आणि ते अमलात आणायला 31 मार्च 2026 ही शेवटची मुदत ठेवली. नॉमिनी नाही, वाद नाही, मृत्युपत्र नाही, अशा वेळी 15 लाखांपर्यंतच्या रकमेला बँकेने सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा आहे. सहकारी बँकांसाठी हीच मर्यादा 5 लाख. दोन्हीकडे बँक स्वतःच्या धोरणात यापेक्षा वरची मर्यादा ठेवू शकते. तुमचे 10 लाख 90 हजार सरळ आत बसतात, तिथे कोर्टाचं काम नाही.

लागतं काय, तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, दावेदारांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, दावेदारांनी लिहून दिलेलं हमीपत्र, आणि जे पैसे मागत नाहीत त्या वारसांची ना-हरकत. वारस कोण कोण याला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला चालतो. पण आपल्याकडे तहसीलदार बँकेच्या कामासाठी असा दाखला सहसा देत नाहीत, "दिवाणी न्यायालयात जा" म्हणतात, आणि माणूस पुन्हा कोर्टाच्या दारात. म्हणून त्याला पर्याय ठेवलाय: कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाने वारसांची नावं लिहून द्यायची. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक, तुमचे डॉक्टर, कुणीही. त्याच बँकेत त्यांचं जुनं खातं असेल तर साहेबांचा जीव लवकर भांड्यात पडतो. या मर्यादेत बाहेरचा जामीनदार मागायचा नाही, हेही निर्देशांत आहे.

एक मात्र तुमच्या वकिलांनी सांगितलं की नाही माहीत नाही. तुम्ही आजींचा उल्लेख शेवटी केलात. हिंदू वारसा कायद्याने पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने. म्हणजे तुमच्याकडे पाच सारखे हिस्से आहेत: आई, तुम्ही, बहीण, भाऊ, आजी. दावेदार आई असेल तर ना-हरकत चौघांची, तिघांची नव्हे. आजींना सही जमत नसेल तर अंगठा, पण तो बँक अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांच्या सह्यांसह घ्या. घरी घेऊन नेलेला अंगठा शाखेत परत येतो. आणि हे लवकर करा. 84 वय आहे, दाव्याआधी त्यांचं काही झालं तर त्यांचा हिस्सा त्यांच्या सगळ्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या काका-आत्यांकडेही जातो आणि मग सह्या दहा-बारा.

कृष्णाकाठ
काका, आजीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, बँकेच्या फॉर्मवरही आम्ही चारच नावं लिहिली होती. दोन आत्या आणि एक काका आहेत. भावाच्या सहीचं काय? तो लगेच येऊ शकत नाही.

मीनल_ठाणे
माझ्या मावशीचं असंच अडकलंय. ती विधवा, मूलबाळ नाही, शिक्षिका होती, सगळी बचत तिच्या पगाराची. आम्ही भाचरांनीच शेवटपर्यंत केलं. आम्ही तिघांनी हमीपत्र दिलं तर बँक देईल ना? रक्कम 8 लाख आहे.

जुनी_खातेवही
मीनलताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. मूल नसलेली विधवा गेली की तिची स्वतःची कमाई कायद्याने आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. आई-वडिलांकडून वारशाने आलेलं असेल तेवढंच माहेरच्या बाजूला. पटत नाही, पण आहे असं. मावशींच्या दीर-पुतण्यांना न विचारता तुम्ही हमीपत्र दिलंत तर उद्या भरपाई तुम्हाला करावी लागेल. वेगळा प्रश्न टाका, तिथे वकीलच हवा.

कृष्णाकाठ, भावाला बँकेच्याच नमुन्यातली ना-हरकत पाठवा. त्याने ती भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावी, किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून अपॉस्टिल करून घ्यावी. यातलं काय चालेल ते शाखेकडून आधी ईमेलवर घ्या, नाहीतर कागद दोनदा समुद्र ओलांडतो.

आणि "नॉमिनी नाही" हे तोंडी ऐकू नका. प्रत्येक पावती वेगळी बघा. नामांकन प्रत्येक एफडीचं वेगळं असतं, बचत खात्याचं लॉकरला लागत नाही. पावतीवर नामांकन नोंदल्याची ओळ असते. दुसरं नाव असेल तर त्यापुढे "आयदर ऑर सर्व्हायव्हर" आहे का पाहा. असेल तर ती पावती हयात असलेल्याला मृत्यूच्या दाखल्यावर मिळते, तिथे वारसांच्या सह्यांचा संबंध नाही.

कृष्णाकाठ
आत्ता पावत्या काढून बसलो. सहकारी बँकेतली 1 लाख 90 हजारांची पावती बाबा आणि आईच्या नावावर आहे, खाली बारीक अक्षरात "आयदर ऑर सर्व्हायव्हर". म्हणजे बाबांच्या एकट्याच्या नावावर 3 लाख 40 हजारच राहतात. फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही ग्राहकाची एकूण बेरीज धरतो, 5 च्या वर आहे, कोर्टाचा कागद आणि दोन जामीनदार."

पेठेतला
मोडू नका एफडी, मुदतीआधी मोडली तर एक टक्का दंड कापतात.

जुनी_खातेवही
ठेवीदार गेल्यावर मुदतीआधी पैसे घेतले तर दंड लावायचा नसतो. हा नियम जुना आहे. पावतीच्या मागच्या अटी वाचा.

मॅडमचं म्हणणं मला पटत नाही. आईंची पावती मुळात वारसांचा दावा नाहीच. आधी ती आईंच्या नावाने सोडवून घ्या, मग उरलेल्या 3 लाख 40 हजारांचा अर्ज द्या. पण त्यांच्या बँकेच्या धोरणात बेरीज कशी धरतात ते मी पाहिलेलं नाही, ते लेखी मागा. मर्यादेच्या वर गेलं तर बँकेला जास्तीचे कागद आणि जामीन मागता येतो, हे खरं.

वाळवेकर_वहिनी
लॉकरचं मी सांगते, आमचं सासऱ्यांचं मागच्याच वर्षी झालं. लॉकरला रकमेची मर्यादा नसते, आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं ना. वारसांचे कागद आणि ना-हरकत दिल्या की बँक तारीख देते. त्या दिवशी अधिकारी, बाहेरचे साक्षीदार आणि आम्ही. किल्ली आमच्याकडेही नव्हती, म्हणून कंपनीचा माणूस आला, ड्रिलने कुलूप फोडलं, खर्च आमच्याकडून. मग एकेक वस्तू टेबलावर. यादीत "सोन्याच्या पाटल्या" लिहीत नाहीत हं, "पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग 2" असं लिहितात. वजन नाही, किंमत नाही. म्हणून आम्ही बँकेच्या परवानगीने प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, नंतर नणंदेला दाखवायला उपयोगी पडला. एक लाखेने बंद केलेलं पाकीट होतं, ते त्यांनी उघडलं नाही, "बंद पाकीट, नग 1" लिहून हातात दिलं.

भाडं बघा. आमचं बचत खात्यातून कापलं जायचं. खातं गोठवल्यावर थकलं आणि आधी ते भरायला लावलं.

जुनी_खातेवही
वहिनींनी नेमकं सांगितलं. त्यात भर एवढीच: सगळे कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत ठेवीचा दावा निकाली काढायचा आहे, लॉकरसाठीही तेवढ्याच दिवसांत यादीची तारीख कळवायची आहे. बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर बँक रेट अधिक 4 टक्के व्याज आणि लॉकरला दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. पण घड्याळ कागद पूर्ण झाल्यावरच सुरू होतं, म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि जोडलेल्या कागदांची यादी घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. साहेब कोर्टावरच अडले तर "कोणत्या नियमाने" ते लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

पेठेतला
पण सगळे पैसे आईच्या खात्यात गेले की भावाचा हिस्सा संपला का? उद्या त्याने मागितला तर?

जुनी_खातेवही
बँकेची ना-हरकत म्हणजे "यांना पैसे दिले तर मी बँकेला धरणार नाही." हक्कसोडपत्र वेगळं. ते करायचं की नाही, आणि आजींचंही करायचं का, हे घरात बसून ठरवा. मी त्यात मत देणार नाही.

कृष्णाकाठ
सोमवारी आजीला रिक्षाने शाखेत नेतोय, मॅनेजरसमोरच अंगठा घेऊ. भावाला नमुना मेल केला, तो दूतावासाची वेळ मिळते का बघतोय. ओळखपत्रासाठी आजीचं आधार काढलं तर त्यावर नाव "सोनाबाई" आहे आणि बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव "सोनूबाई". यावर बँक अडते का?

जुनी_खातेवही
अडू शकते. एकाच व्यक्तीची दोन्ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सोबतच न्या. वारसांबद्दल लिहून देणाऱ्या गृहस्थांनाही आजींचं नाव आधारवरचंच लिहायला सांगा.